सुक्याबरोबर ओलंही जळतं: १८६५ ची मुंबई आणि आपले दहा शेअर

या भागाचा हा लिखित मजकूर. ऐकताना आकडे निसटतात, म्हणून हिशेबाचा भाग इथे थोडा सावकाश लिहिलाय.

मागच्या भागानंतर सगळ्यात जास्त आलेला प्रश्न असा होता: "दहा वेगवेगळ्या कंपन्यांचे शेअर घेतले, बँक वेगळी, औषधं वेगळी, सिमेंट वेगळं. मग बाजार पडला की दहाच्या दहा एकदम लाल कसे होतात?" प्रश्न रास्त आहे. त्याचं उत्तर द्यायला मी तुम्हाला १६० वर्षं मागे नेणार आहे. सुरुवात आपल्या बार्शीपासूनच करू.

बार्शीची पेठ आणि अमेरिकेतलं युद्ध

आज बार्शी म्हटलं की तूर, हरभरा, ज्वारी, सोयाबीन आणि आडत दुकानं डोळ्यांसमोर येतात. एकोणिसाव्या शतकात ही पेठ कापसासाठी नावाजलेली होती. शेजारी निजामाचा मुलूख, तिकडचा मालही इथे उतरायचा. इथून गाड्या भरून माल वीस-बावीस मैलांवरच्या 'बार्शी रोड' स्टेशनला जायचा. त्यालाच आपण आज कुर्डुवाडी म्हणतो. १८६० पर्यंत रेल्वे सोलापूरला पोचली होती. म्हणजे बार्शीचा कापूस रेल्वेने मुंबई बंदराच्या वाटेला लागला होता.

आणि नेमकं १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या गिरण्या मुख्यतः अमेरिकेच्या दक्षिणेतल्या कापसावर चालायच्या. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरं रोखली आणि तो कापूस बंद झाला. मग गिरणीवाल्यांची नजर हिंदुस्थानकडे वळली. इथल्या आखूड धाग्याच्या कापसाला एरवी ते नाकं मुरडायचे. आता त्यालाच तिप्पट-चौपट भाव मिळू लागला. मुंबईत पैशाचा पूर आला.

आता प्रश्न असा, की एवढा पैसा करायचं काय? कापसाचा धंदा तर चालूच होता. उरलेला पैसा नव्या कंपन्यांमध्ये शिरला. बँका निघाल्या, 'फायनान्शिअल' नावाच्या सावकारी कंपन्या निघाल्या, कापसाच्या गाठी दाबणाऱ्या प्रेस कंपन्या, जहाज कंपन्या, विमा कंपन्या. समुद्र बुजवून जमीन काढणाऱ्या कंपन्याही निघाल्या. त्यात सगळ्यात गाजलेली बॅक बे रेक्लमेशन. तिचा ५ हजार रुपये भरलेला शेअर ५० हजारांच्या आसपास गेला. या सगळ्या खेळातलं सगळ्यात मोठं नाव म्हणजे प्रेमचंद रायचंद. मुंबई विद्यापीठाचा राजाबाई टॉवर पाहिलाय ना? तो त्यांच्या देणगीतून उभा राहिला आणि त्यांच्या आईच्या नावाने आहे. या काळाला इतिहासात 'शेअर मॅनिया' म्हणतात.

पाच टोपल्या, पण खुंटी एकच

आता समजा, त्या काळातला एक सावध माणूस आहे. हे पात्र माझ्या कल्पनेतलं, फक्त समजण्यासाठी. तो म्हणतो, "मी सगळा पैसा एका जागी ठेवणार नाही." म्हणून तो थोडे शेअर बँकेचे घेतो, थोडे जमीन कंपनीचे, थोडे प्रेसचे, थोडे जहाज कंपनीचे, थोडे विम्याचे. धंदे पाच. वर्षभर भाव पाहिले तर ते वेगवेगळे हलतानाही दिसतात. आज बँक वर तर प्रेस थंड, उद्या जमीन वर तर विमा थंड. तो निवांत झोपतो.

पण या पाचही टोपल्या एकाच खुंटीला टांगलेल्या आहेत. प्रेसला काम कापसाचं. जहाजात माल कापसाचा. विमा त्याच मालाचा. जमीन कंपनीची मागणी म्हणजे वाढत्या बंदराची मागणी, आणि बंदर वाढतंय कापसामुळे. बँकेतल्या ठेवीसुद्धा त्याच नफ्यातून आलेल्या.

याहून खोल एक गोष्ट होती, आणि माझ्या मते खरा धडा तिथे आहे. हे शेअर घ्यायला लोकांनी पैसा आणला कुठून? कर्जाने. आणि कर्जाला तारण काय? तेच शेअर. बँक ऑफ बॉम्बे ही सरकारचा भाग असलेली, सगळ्यात प्रतिष्ठित बँक. तिच्यासाठी १८६३ मध्ये नवा कायदा झाला. जुन्या नियमांनी कर्जावर जे बंध घातले होते ते त्यात सैल झाले आणि शेअरच्या तारणावर कर्ज देणं सोपं झालं. म्हणजे एका कंपनीचा शेअर गहाण टाकायचा, त्या पैशात दुसऱ्या कंपनीचा घ्यायचा. पाच वेगळे शेअर, पण मालक तोच आणि सावकारही तोच.

भाव वाढत असेपर्यंत हे नातं कुणाला दिसत नाही. कारण तेजीत कुणालाच विकायची घाई नसते.

१ जुलै १८६५

९ एप्रिल १८६५ ला जनरल ली शरण आला आणि युद्ध संपल्यात जमा झालं. ती बातमी मुंबईत यायला काही आठवडे लागले. कापसाचे भाव कोसळले. आता बाजारात वायद्याचे सौदे प्रचंड झालेले होते. म्हणजे आज भाव ठरवायचा, पैसे आणि शेअर यांची देवघेव पुढच्या ठरलेल्या तारखेला. फार मोठ्या सौद्यांची ती तारीख होती १ जुलै १८६५.

त्या दिवशी काय झालं ते पायरीपायरीने बघा. ज्याने शेअर घ्यायचं कबूल केलं होतं, त्याच्याकडे पैसे नव्हते. पैसे उभे करायला तो हातातले दुसरे शेअर विकायला निघाला. घेणारा कुणी नाही, कारण प्रत्येकजण विकायलाच आलेला. मग भाव पडला. भाव पडला म्हणून बँकेकडचं तारण तोकडं झालं. बँकेने कर्ज परत मागितलं. त्यासाठी आणखी शेअर विकायला निघाले. चांगली कंपनी आणि भुक्कड कंपनी असा फरक करायला वेळच नव्हता. आपल्याकडे म्हणतात ना, सुक्याबरोबर ओलंही जळतं.

बँक ऑफ बॉम्बेचा जो शेअर २,८५० रुपयांपर्यंत चढला होता, तो पुढे ८७ रुपयांना विकायची पाळी आली. सरकारी भागीदारी असलेली बँक, आणि तिच्या शंभर रुपयांतले तीन राहिले. १८६८ मध्ये ती बँक गुंडाळावी लागली.

आपल्या त्या सावध माणसाचं काय झालं? पाच टोपल्या एकदम खाली आल्या.

कोरिलेशन म्हणजे काय, आणि ते का वाढतं

दोन शेअर किती एकत्र हलतात हे सांगणाऱ्या आकड्याला कोरिलेशन म्हणतात, मराठीत सहसंबंध. ० म्हणजे एकाचा दुसऱ्याशी संबंध नाही. १ म्हणजे दोघं अगदी जोडीने चालतात. शांत काळात आपल्या बाजारातल्या दोन वेगळ्या धंद्यांच्या शेअरमध्ये ०.३ च्या जवळपासचं कोरिलेशन धरून हिशेब करू. घसरणीत हाच आकडा ०.८ कडे जातो. का जातो, याची दोन कारणं आहेत.

पहिलं कारण नुसत्या गणिताचं. कुठल्याही शेअरची हालचाल दोन गोष्टींची बनलेली असते: एक सगळ्या बाजाराची लाट, दुसरं त्या कंपनीचं स्वतःचं काही. समजा शांत दिवसात बाजाराची लाट साधारण १ टक्क्याची आहे आणि कंपनीचं स्वतःचं हलणं दीड टक्क्याचं. जोखमीची बेरीज वर्ग करून करतात. लाटेचा वर्ग १, स्वतःचा वर्ग २.२५, एकूण ३.२५. त्यात लाटेचा वाटा १ भागिले ३.२५, म्हणजे ०.३. हेच दोन शेअरमधलं कोरिलेशन.

आता घसरण आली. लाट ३ टक्क्यांची झाली, कंपनीचं स्वतःचं हलणं दीडच टक्का राहिलं. लाटेचा वर्ग ९, एकूण ११.२५. वाटा झाला ०.८. बघा, कंपन्यांमधलं नातं काहीही बदललं नाही. फक्त लाट मोठी झाली आणि तिच्याखाली प्रत्येकाचं वेगळेपण बुडालं. पाऊसकाळ चांगला असला तर तूर, हरभरा, ज्वारी यांचं आपापलं वेगळं चालतं. पाऊसच पडला नाही तर सगळ्या पिकांचं उत्तर एकच असतं. तसं.

याचा परिणाम दहा शेअरच्या पोर्टफोलिओवर काय होतो, ते एका छोट्या सूत्रात कळतं. n म्हणजे शेअर किती, r म्हणजे कोरिलेशन, आणि सगळ्यांत सारखे पैसे घातलेत असं धरा:

```
खरे वेगळे शेअर = n / (1 + (n - 1) × r)
```

दहा शेअर आणि r ०.३ असेल तर उत्तर येतं २.७. म्हणजे शांत काळातसुद्धा तुमचे दहा शेअर जोखमीच्या हिशेबात पावणेतीन शेअरइतकेच. आणि r ०.८ झालं की उत्तर येतं १.२. दहा नावं, पण जवळपास एकच शेअर.

अजून एक गंमत बघा. वरच्याच आकड्यांत एकटा शेअर शांत दिवशी १.८ टक्के हलतो आणि घसरणीत ३.३५ टक्के, म्हणजे दुप्पटही नाही. पण दहा शेअरचा गठ्ठा शांत दिवशी १.१ टक्के हलतो आणि घसरणीत ३ टक्के, जवळपास पावणेतीन पट. म्हणजे ज्याने नीट वाटणी केली, त्याला घसरणीचा धक्का त्याच्या सवयीच्या मानाने जास्त मोठा लागतो. शांत काळात मोजलेली जोखीम त्याला खोटा धीर देते. वाटणी निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. एखादी कंपनी बुडाली तर वाटणीच वाचवते. सगळा बाजार बुडाला तर मात्र ती वाचवत नाही.

दुसरं कारण: ज्याला विकावंच लागतं तो

दुसरं कारण १८६५ चंच आहे. त्याला पैसा लागतो, म्हणून तो विकतो. आणि पैसा लागणारा माणूस जे वाईट आहे ते विकत नाही, जे विकलं जाईल ते विकतो.

मार्च २०२० आठवा. परदेशी संस्थांनी त्या एका महिन्यात आपल्या बाजारातून सुमारे ६० हजार कोटी रुपयांचे शेअर विकले. २३ मार्चला सेन्सेक्स ३,९३४ अंकांनी, म्हणजे १३ टक्क्यांनी पडला. त्या दिवशी बँका पडल्या, वाहन कंपन्या पडल्या, आणि औषध कंपन्यांचे शेअरसुद्धा पडले. साथीच्या रोगात औषध कंपनी का पडावी? पुढच्या काही महिन्यांत त्याच शेअरची चांदी झाली. म्हणजे कंपनीचं काही बिघडलं नव्हतं, बिघडलं होतं ते शेअर धरून बसलेल्याचं. त्याला रोकड हवी होती.

म्हणून शेअर निवडताना मी दोन प्रश्न वेगळे विचारतो. पहिला, या कंपन्यांचा धंदा एकाच गोष्टीवर अवलंबून आहे का? दुसरा, या कंपन्यांचे शेअर एकाच प्रकारच्या लोकांच्या हातात आहेत का, आणि ते लोक उधारीवर आहेत का? दुसरा प्रश्न सहसा कुणी विचारत नाही. १८६५ मध्येही विचारला नव्हता.

मग प्रत्येक शेअरमध्ये किती पैसे?

आता हिशेब. समजा तुमच्याकडे ५ लाख आहेत आणि त्यातले १ लाखापेक्षा जास्त गेले तर घरचं गणित बिघडेल. लहान बहिणीच्या कॉलेजची फी असेल, किंवा विहिरीचं काम असेल. हा १ लाख म्हणजे तुमची सोसण्याची हद्द.

बरेचजण असं करतात: पाचही लाख दहा शेअरमध्ये, प्रत्येकी ५० हजार. प्रत्येकाला १० टक्क्यांवर स्टॉपलॉस. मनातला हिशेब असा, की एकाला फटका बसला तर ५ हजार जातील, आणि एका वेळी फार तर तिघांना बसेल. म्हणजे १५ हजार. इथे "फार तर तिघांना" हे शब्द शांत काळातून आलेत. जानेवारी २०२० च्या शिखरापासून २३ मार्चपर्यंत निफ्टी ३८ टक्के पडला. ५ लाखांचे ३८ टक्के म्हणजे १ लाख ९० हजार. स्टॉपलॉसचं म्हणाल तर २३ मार्चला बाजार उघडल्यावर पहिल्याच तासात १० टक्क्यांचं सर्किट लागून व्यवहार थांबले होते. तुमची किंमत आणि बाजाराची किंमत यांच्यात पायरीच नसते, थेट खड्डा असतो. स्टॉपलॉस त्या खड्ड्याच्या तळाशी लागतो.

मी उलट्या टोकाने मोजायला सांगतो. घसरणीच्या दिवशी कोरिलेशन १ आहे असंच धरा, म्हणजे सगळा गठ्ठा एकच शेअर. मग विचारा, तो किती पडू शकतो? २००८ मध्ये सेन्सेक्स २१ हजारांच्या वरून ८ हजारांच्या खाली गेला होता, ६० टक्क्यांहून जास्त. आपण ६० धरू.

सोसण्याची हद्द १ लाख भागिले ०.६, म्हणजे सुमारे १ लाख ६६ हजार. सोयीसाठी १ लाख ६५ हजार. शेअरमध्ये एकूण एवढेच. उरलेले ३ लाख ३५ हजार बाहेर.

मग दहा शेअरमध्ये वाटणी, प्रत्येकी १६,५००. ही वाटणी एका कंपनीच्या अपघातासाठी. एखादी पार शून्य झाली तरी तुमच्या ५ लाखांतले ३.३ टक्के जातात. आणि तिसरी चाळणी, एका खुंटीला किती टोपल्या. दहापैकी चार शेअर बँका आणि फायनान्स कंपन्यांचे असतील तर ते चार नव्हेत, एकच मोठी पोझिशन आहे, ६६ हजारांची. घसरणीत हा गट बाजारापेक्षा जास्त पडू शकतो. ८० टक्के पडला तर ५२ हजार आठशे एकट्या त्यातूनच गेले, अर्धी हद्द संपली. म्हणून एका गटात दोनच, फार तर अडीच वाटे ठेवा.

याच माणसाला मार्च २०२० मध्ये ठेवून बघा. १ लाख ६५ हजारांचे ३८ टक्के म्हणजे ६२,७००. दुखेल, पण तो हद्दीच्या आत आहे. आणि महत्त्वाचं म्हणजे त्याला विकावं लागत नाही.

इथे एक फसगत होते ती सांगतो. तळाशी पोचल्यावर काहीजण हाच हिशेब नव्याने करतात: "हद्दीतले आता ३७ हजारच उरले, त्याला ०.६ ने भागलं तर ६२ हजार, म्हणजे हातातल्या एक लाखातले ४० हजारांचे शेअर विकायला हवेत." असं करू नका. आपण ६० टक्के शिखरापासून धरले होते, त्यातले ३८ होऊन गेलेत. बाजार आणखी पडून ६० वर गेला तरी एकूण तोटा ९९ हजारच होतो. हिशेब आधीच त्यासाठी केलाय. तळाशी नव्याने मोजणारा माणूस स्वतःच तो विकावं लागणारा माणूस बनतो, आणि अशा हजारो लोकांमुळेच कोरिलेशन वाढतं.

बाहेरचे पैसे खरंच बाहेर आहेत का

ते ३ लाख ३५ हजार कुठे आहेत यावर सगळं अवलंबून आहे. २३ एप्रिल २०२० ला फ्रँकलिन टेम्पलटनने आपल्या सहा डेट योजना बंद केल्या. लोकांनी "शेअर नको, सुरक्षित हवं" म्हणून तिथे पैसे ठेवले होते, आणि नेमकं गरजेच्या वेळी दार बंद. पुढे पैसे टप्प्याटप्प्याने मिळाले, पण त्या एप्रिलमध्ये नाही. बँकेतल्या ठेवीला एका बँकेत एका ठेवीदारामागे ५ लाखांपर्यंत विमा असतो. पतसंस्थेतल्या ठेवीला तो विमा नसतो. आपल्याकडे पतसंस्था गल्लोगल्ली आहेत, म्हणून हे मुद्दाम सांगतोय.

आणि उधारी. समजा ५ लाख स्वतःचे, ५ लाख ब्रोकरच्या मार्जिनचे, मिळून १० लाखांचे शेअर. बाजार ४० टक्के पडला की ६ लाख उरतात, त्यातले ५ ब्रोकरचे. तुमचा एक. खरं तर तिथवर थांबायलाही मिळत नाही, ब्रोकर त्याच्या आधीच तुमचे शेअर विकून मोकळा होतो. १८६५ मध्ये ब्रोकरच्या जागी बँक ऑफ बॉम्बे होती, बाकी गोष्ट तीच.

या पद्धतीची किंमतही सांगायला हवी. तेजीच्या वर्षात तुमचा मित्र पाच लाखांवर कमावेल आणि तुम्ही एक लाख पासष्टवर. चहाच्या टपरीवर तो तुम्हाला ऐकवेल. आणि ६० टक्के हा काही कायदा नाही. बँक ऑफ बॉम्बेचा शेअर ९७ टक्के पडला होता. छोट्या कंपन्यांचे शेअर असतील तर ६० च्या जागी ७५ धरा आणि रक्कम आणखी कमी करा.

आज एकच काम करा. ॲपमध्ये तुमच्या प्रत्येक शेअरचा चार्ट उघडा, फेब्रुवारी-मार्च २०२० वर जा, आणि प्रत्येकाचा शिखरापासून तळापर्यंतचा उतार कागदावर लिहा. दहाच्या दहा आकडे एका रांगेत आले की तुमच्याकडे खरे वेगळे शेअर किती आहेत, ते सूत्र न वापरताच कळेल.

पुढच्या भागात या सगळ्या पडझडीनंतर मुंबईच्या दलालांनी १८७५ मध्ये आपली संघटना कशी बांधली, ज्याचा पुढे बीएसई झाला, त्याची गोष्ट. भेटूच.